किडनी आणि साखरेचा आकडा जरासा सरकलाय: इंदूरच्या एका काकूंना लिहिलेली चिठ्ठी

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रिपोर्टात दोन ओळी ठळक छापून आल्या आहेत, एक किडनीची आणि एक साखरेची. फोनवर तुमचा पहिला प्रश्न होता, "डायलिसिस लागेल का?" या आकड्यांवर डायलिसिसचा विषयच निघत नाही. किडनीचं काम साधारण १५च्या खाली गेलं आणि त्रास सुरू झाला की त्याचा विचार करतात. तुमचा आकडा ५३ आहे. पण म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवून द्यायचा नाही. पुढच्या तीन महिन्यांत काही गोष्टी नीट करायच्या आहेत. त्या फोनवर सांगून लक्षात राहत नाहीत, म्हणून सावकाश लिहून देतो. सूनबाईंनाही वाचायला द्या.

आधी किडनीचा आकडा वाचू

रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक टाकाऊ पदार्थ असतो. तो स्नायूंतून तयार होतो आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो. तुमचं क्रिएटिनिन १.१ आलंय. लॅबनं शेजारी बायकांसाठी ०.६ ते १.१ अशी मर्यादा छापली आहे, म्हणजे तुम्ही मर्यादेतच आहात. तरी खालची ई-जी-एफ-आरची ओळ ठळक आहे. तुमच्या मुलाला हाच प्रश्न पडला होता, की एक ओळ ठीक म्हणते आणि दुसरी नाही म्हणते, मग खरी कुठली?

दुसरी ओळ जास्त कामाची. ई-जी-एफ-आर म्हणजे तुमची किडनी मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज. तो वेगळा मोजलेला नसतो. क्रिएटिनिन, वय आणि बाई की पुरुष, एवढ्यावरून सूत्रानं काढतात. तीस वर्षांच्या धडधाकट पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर त्याचा अंदाज ९०च्या वर येतो. तुम्ही ७२ वर्षांच्या, अंगात स्नायू कमी. तुमच्या शरीरात क्रिएटिनिन तयारच कमी होतं, तरीही ते १.१पर्यंत पोचलं, याचा अर्थ गाळण्याचा वेग कमी झालाय. सूत्रानं तुमचा अंदाज ५३ येतो.

वयाबरोबर हा वेग थोडा उतरतोच, आणि तुमच्या वयाच्या बऱ्याच लोकांचा आकडा साठच्या आसपास असतो. म्हणून नुसतं ५३ बघून मी घाबरलो नसतो. पण दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी तुमच्या तपासण्या झाल्या होत्या, ते कागद तुम्ही जपून ठेवलेत हे फार बरं केलंत. तेव्हा क्रिएटिनिन ०.९ होतं, म्हणजे ई-जी-एफ-आर साधारण ६९. दोन वर्षांत ६९ वरून ५३ हा उतार नुसत्या वयाचा वाटत नाही. वयानं वर्षाला एखादा आकडा उतरतो. म्हणून मधे दुसरं काय घडलं ते शोधायला हवं.

मला संशय कशाचा आहे

तुमच्या औषधांच्या पिशवीत मला तीन गोष्टी दिसल्या. सकाळची बीपीची गोळी, तिच्यात टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र आहे. तिसरी म्हणजे गुडघ्यांसाठी मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेली असेक्लोफेनॅकची गोळी. तुम्ही म्हणालात, "रोज नाही घेत, दुखलं की घेते." पाकीट बघितलं तर दुखणं जवळजवळ रोजचंच आहे.

या तिन्ही औषधांचं एकमेकांशी जमत नाही, आणि कारण समजलं तर तुम्ही ते विसरणार नाही. किडनीच्या आत रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्या असतात. जाळीत रक्त आणणारी एक नळी आणि बाहेर नेणारी दुसरी. गाळायला जाळीत थोडा दाब लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की आत येणारी नळी मोकळी राहावी म्हणून शरीर एक पदार्थ सोडतं. असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या नेमका तोच पदार्थ थांबवतात, त्यामुळे येणारी नळी आवळते. टेल्मिसार्टन बाहेर नेणारी नळी सैल करतं. एरवी ते किडनीच्या भल्याचंच असतं, कारण जाळीवरचा जादा दाब कमी होतो. लघवीचं औषध अंगातलं पाणी कमी करतं. तिन्ही एकदम झाली की जाळीतला दाब फारच खाली येतो आणि गाळणं मंदावतं.

त्यात एप्रिलचा शेवट. इंदुरात पारा चाळिशीला टेकलाय. आणि तपासणीच्या आदल्या रात्री आठला जेवून सकाळी दहापर्यंत तुम्ही पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, कारण लॅबवाल्यानं "उपाशी या" म्हणून सांगितलं होतं. उपाशी म्हणजे चहा, दूध, नाश्ता नाही. साधं पाणी प्यायचं असतं. हे कुणी सांगत नाही, आणि उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांचे आकडे निव्वळ तहानेनंही थोडे चढलेले मी पाहतो.

म्हणजे ५३ मधला काही भाग खरा असेल, काही गोळीचा, काही पाण्याचा. किती कशाचा हे आज सांगता येत नाही. म्हणूनच किडनीचा जुनाट आजार असा शिक्का मारायला किमान तीन महिने आकडा साठच्या खाली राहावा लागतो, किंवा तेवढा काळ लघवीतून प्रथिन जात राहावं लागतं. एका रिपोर्टावर तो शिक्का मारू नये, आणि मी मारणार नाही.

आजपासून काय करायचं

असेक्लोफेनॅक बंद. आजच. त्याच जातीच्या दुसऱ्या नावाच्या गोळ्याही नकोत. मेडिकलवर "गुडघ्याची गोळी" म्हणून मागू नका, कारण नाव बदललं तरी आतलं औषध तेच निघतं. गुडघा दुखला तर साधी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, लागलीच तर सहा तासांनी दुसरी, दिवसभरात जास्तीत जास्त चार. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरूनच चार मोजायच्या. गुडघ्याला लावायचं जेल चालेल. ते रक्तात फार थोडं उतरतं, फक्त दिवसभर सारखं चोपडत बसू नका. खरा उतार मांडीचे स्नायू बळकट झाल्यावर पडेल. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजून खाली, मग दुसरा. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. महिनाभर तरी करायला लागेल, आठवड्यात फरक मागू नका.

बीपीची गोळी मात्र सोडायची नाही. हे पुन्हा सांगतो, कारण "किडनीचा त्रास गोळ्यांनीच होतो" असं ऐकून लोक पहिली तीच गोळी सोडतात. बीपी चढलेलं राहिलं तर किडनीचं नुकसान गोळीपेक्षा कितीतरी जास्त होतं. अपवाद एकच. उलट्या-जुलाब सुरू झाले, किंवा तापात खाणंपिणं बंद झालं, तर त्या दिवशी ही गोळी घेण्याआधी मला फोन करायचा. अंगात पाणीच नसताना ती घेतली तर किडनी दोन दिवसांत एकदम ढासळू शकते. बरं वाटून नीट जेवायला लागलात की गोळी परत सुरू. कधी करायची ते मी सांगेन.

पाणी दिवसभरात साधारण दोन लिटर, उन्हात गेलात तर एखादा पेला जास्त. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला म्हणजे पुरेसं. तुमच्या जाऊबाई म्हणाल्या तसं पाच लिटर पिऊन किडनी "धुतली" जात नाही. उलट तुमच्या वयात, लघवीचं औषध चालू असताना, भसाभसा पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरून चक्कर आणि गोंधळ होतो.

मिठाचं तुम्ही विचारलंत. दिवसाचं सगळं मिळून एक सपाट छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. भाजीत कमी घालण्याचा प्रश्न फारसा नाही, तुमच्या हाताला मीठ मुळात कमीच. खरं मीठ येतं शेव, पापड आणि लोणच्यातून. इंदूरच्या घरात पोह्यांवर शेव, वरणभातावर शेव आणि दुपारच्या चहाबरोबर पुन्हा शेव. पोह्यांवर चिमूटभर राहू दे, बाकी दोन वेळची थांबवा.

आणि बाजारात "लो सोडियम" म्हणून जे मीठ मिळतं ते आणू नका. त्यात काही सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात रोखून धरतं, मंद किडनीही ते कमी बाहेर टाकते. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. बीपीवाल्या माणसाला हेच मीठ चांगलं असं जाहिरातीत सांगतात, आणि पुष्कळांना ते चांगलं असतंही. तुमच्या औषधांबरोबर आणि तुमच्या किडनीला ते नको. सैंधव घेतलंत तरी ते मीठच आहे, त्यात सोडियम जवळजवळ तेवढंच.

डाळ, टोमॅटो, पालक, दही सोडायची गरज नाही. क्रिएटिनिनचं नाव ऐकून लोक वरणच बंद करतात. ती पथ्यं किडनी खूप उतरलेल्यांची, रक्तातलं पोटॅशियम वाढलेल्यांची. तुम्ही डाळ सोडलीत तर असलेले स्नायूही झिजतील. झिजलेल्या स्नायूंमुळे क्रिएटिनिन उतरेल, रिपोर्ट छान दिसेल, आणि तुम्ही मात्र अशक्त झालेल्या असाल.

आता साखर

उपाशीपोटी ११२, जेवणानंतर दोन तासांनी १६४ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसी ६.२. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा मधला पट्टा. याला मधुमेह म्हणत नाहीत. मधुमेह म्हणायला उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त लागतो. आणि काही लक्षण नसेल तर तोही दुसऱ्या तपासणीत पुन्हा दिसायला हवा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तुमचं हिमोग्लोबिन १०.८ आहे, म्हणजे कमी. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी रक्तात जास्त दिवस फिरतात, त्यांना साखर चिकटायला जास्त वेळ मिळतो आणि एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जरा वरचा दिसतो. म्हणून मी ६.२ ला एकट्याला फार महत्त्व देत नाही. पुढच्या वेळी लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी जोडली आहे. इतक्या उताराच्या किडनीमुळे सहसा रक्त कमी होत नाही, त्यामुळे त्याचंही वेगळं कारण शोधू.

घरी सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलीय, की साखरेनं किडनी गेली. तसं दिसत नाही. साखर किडनीला इजा करते ती बऱ्याच वर्षांच्या मधुमेहानं, आणि तुमची साखर आत्ता कुठे मधल्या पट्ट्यात आलीय. किडनीच्या उताराचं उत्तर बीपी, गोळ्या आणि वय यांत शोधायचं. साखर आत्ता आवरायची ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांसाठी.

त्यासाठी आज गोळी देत नाही. मेटफॉर्मिन तुमच्या आकड्यावर देता येतं, पण ७२ व्या वर्षी मधल्या पट्ट्यातल्या साखरेला ते लगेच हवंच असं नाही. आणि कृपा करून काकांच्या डब्यातली ग्लिमेपिराइड घेऊ नका. "अर्धी घेऊन बघू का" असं तुम्ही विचारलं होतंत. ती गोळी साखर खाली ओढते, जेवण झालेलं असो वा नसो. किडनी मंद असली की तिचा असर रेंगाळतो. पहाटे साखर ५०वर आली, बाथरूमला जाताना तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर ११२ साखरेनं वीस वर्षांत केलं नसतं एवढं नुकसान एका रात्रीत होईल.

खाण्यात तीनच बदल सांगतो. चहा दिवसात तीनदा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे रोज सहा चमचे. आधी एकेक चमचा करा, पंधरा दिवसांनी अर्धा. जिभेला सवय होते. दुसरं, सकाळचे पोहे अर्धी वाटी कमी, त्यांत शेंगदाणे आणि मटार जास्त, बरोबर वाटीभर दही. जिलबी रविवारी एक. रोज नाही, पण रविवारची मी काढून घेत नाही. तिसरं, एकादशीची साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यानं साखर भाकरीपेक्षा जोरात चढते. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, तीही बेतानं. उपास निर्जळी मात्र करू नका, किडनीसाठी हे साखरेहून महत्त्वाचं.

आणि जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, दुपारी घरातल्या घरात, रात्री गल्लीत. पहाटे तासभर फिरण्यापेक्षा जेवणानंतरचं थोडं चालणं १६४ वर जास्त लवकर दिसतं, कारण नुकतीच रक्तात आलेली साखर स्नायू तिथेच उचलतात. तुमच्या गुडघ्यांनाही तेवढंच झेपेल.

फेरतपासणी कशी करायची

पहिली फेरी दोन आठवड्यांनी. तेवढे दिवस असेक्लोफेनॅक पूर्ण बंद असली पाहिजे. तेव्हा फक्त क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, फेरिटिन आणि लघवी. लॅब तीच ठेवा, कारण दोन लॅबच्या यंत्रांत ०.१ चा फरक सहज पडतो, आणि तुमच्या बाबतीत ०.१ म्हणजे ई-जी-एफ-आरचे पाच-सात आकडे. या फेरीला उपाशी राहायची गरजच नाही. ताप असेल, जुलाब असतील, लघवीला जळजळ असेल तर तपासणी पुढे ढकला आणि मला कळवा.

लघवीची तपासणी आधी झालेली नाही, आणि माझ्या दृष्टीनं तीच सर्वांत मोलाची आहे. चिठ्ठीवर "यूरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो" लिहिलंय. लॅबवाला म्हणेल, साध्या लघवीत प्रोटीन निल आलंय, पुन्हा कशाला? साध्या पट्टीला अल्ब्युमिन नावाचं प्रथिन थोडं असलं तर दिसत नाही. किडनीची जाळी खराब व्हायला लागते तेव्हा सुरुवातीला नेमकं तेवढंच थोडं गळतं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, धार सुरू झाल्यावर मधली, लॅबच्या डबीत. तिशीच्या आत आलं तर उत्तम. ३० ते ३०० मधे आलं तर एकदाच धरून चालत नाही, तीन महिन्यांत आणखी दोनदा बघू आणि तीनपैकी दोनदा वाढलेलं असेल तरच खरं मानू.

आता समजा पहिल्या फेरीत क्रिएटिनिन ०.९ आलं. म्हणजे ई-जी-एफ-आर ६८, दोषी गोळी आणि तहान. मग वर्षातून एकदा तपासणी पुरे, आणि ती गोळी कायमची बंद. समजा १.१ च राहिलं आणि अल्ब्युमिन तिशीच्या आत असलं. मग जुलैअखेर दुसरी फेरी. तेव्हाही तसंच दिसलं तर किडनीचा सौम्य जुनाट उतार असं नाव देऊ. त्यात बीपी १३०च्या आसपास सांभाळणं आणि वर्षातून एक-दोनदा तपासणी एवढंच काम असतं. तुमच्या वयात असे बहुतेक लोक डायलिसिसपर्यंत कधीच जात नाहीत. अल्ब्युमिन खरंच वाढलेलं निघालं तर एखादं औषध वाढवू, किडनी जपणारी चांगली औषधं आता मिळतात. आणि क्रिएटिनिन १.४ झालं, म्हणजे ई-जी-एफ-आर चाळीसवर आला, तर मी जुलैची वाट बघणार नाही. त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि किडनीच्या डॉक्टरांचा सल्ला.

मधल्या काळात लघवी एकदम कमी झाली, चेहरा किंवा पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, लघवीला साबणासारखा टिकणारा फेस यायला लागला, किंवा खूप तहान लागून वजन उतरायला लागलं, तर तारीख न बघता या. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात, दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा, तर औषध लिहिण्याआधी त्यांना हा ५३ चा आकडा सांगा. सीटी स्कॅनला शिरेतून औषध टोचायचं म्हणाले तर आधी सांगाच. साखरेसाठी किंवा गुडघ्यासाठी कुणी भस्म किंवा बिनलेबलची पुडी दिली तर घेण्याआधी मला दाखवा. काहींत शिसं, पारा आणि कधी वेदनाशामक गोळीची पूडच मिसळलेली सापडते.

दोन आठवड्यांनी येताना मोतीबिंदूच्या वेळचे कागद, आजचा रिपोर्ट, घरी घेतलेल्या बीपीची वही आणि औषधांची अख्खी पिशवी आणा, रिकामी पाकिटंही. बीपी आठवड्यातून तीनदा, सकाळी गोळीआधी, पाच मिनिटं शांत बसून, दंडावर बांधायच्या यंत्रानं. वर-खालचे दोन्ही आकडे तारखेसह लिहायचे. सूनबाईंना बरोबर आणलंत तर शेवेचा हिशेब त्यांच्यासमोर करू.